चंद्राची कमी-जास्त गती

> चाकं एकाच वेगाने फिरतात, मग चंद्र कधी जलद कधी हळू कसा दाखवला?

सगळी करामत खिळ्याची आहे. अँटिकिथेराच्या यंत्रात, म्हणजे सूर्य-चंद्राची गती दाखवणाऱ्या प्राचीन ग्रीक दातेरी यंत्रात, ५० दात्यांची दोन चाकं एकावर एक बसवली आहेत, पण त्यांचे आस जेमतेम १.१ मिलिमीटरने सरकवलेले. खालच्या चाकावरचा खिळा वरच्या चाकाच्या खाचेत अडकतो. खिळा वरच्या आसाजवळ आला की वरचं चाक जलद फिरतं, लांब गेला की मंदावतं, आणि चंद्राचा काटाही त्याच्याबरोबर. दोन चाकांतला फरक साधारण साडेसहा अंशांपर्यंत जातो.

ही जोडी २२३ दात्यांच्या मोठ्या चाकावर स्वार आहे. ते सुमारे नऊ वर्षांत एक फेरा घेतं, म्हणून चंद्राच्या जलद गतीची जागाही आकाशात सरकते. आणि २२३ हीच ग्रहणं पुन्हा त्याच क्रमाने येण्याच्या चक्रातल्या चांद्रमासांची संख्या! यंत्राच्या मागच्या बाजूचा ग्रहणांचा काटाही याच चाकावरून चालतो.