गळणारा नळ घरीच दुरुस्त केलाय का? आपापले अनुभव लिहा

सुमेधा: आमच्या किचनचा नळ दोन महिने ठिबकत होता, रात्री सिंकमध्ये भांडं असलं की टप टप आवाजाने झोप लागायची नाही. प्लंबर आज येतो उद्या येतो करत राहिला, शेवटी मी आणि मुलीने मिळून केलं. नळ पाव फेरीत बंद होणारा, म्हणजे आत वायसर नाही, कार्ट्रिज असतं (दुकानात स्पिंडल म्हणतात). बाथरूमच्या माळ्यावरचा वॉल्व बंद केला, नळ उघडून पाइपमधलं पाणी जाऊ दिलं, सिंकच्या जाळीवर फडकं टाकलं कारण स्क्रू एकदा आत गेला की गेला. दांड्यावरची निळी टिकली सुरीच्या टोकाने निघाली, खाली स्क्रू. पण दांडा काही हलेना, बोअरच्या पाण्याचे क्षार बसलेले. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवलं तेव्हा सुटला. मग पान्याने कार्ट्रिज उलटं फिरवून काढलं, दुसऱ्या हाताने नळ घट्ट धरून, नाहीतर भिंतीतला जोड फिरतो.

जुनं कार्ट्रिज हातात घेऊनच दुकानात गेले तरी पहिलं आणलेलं बसलं नाही! उंची सारखी होती, पण वरचे दाते वेगळे, जुन्याला २० आणि नव्याला २४, दांडा बसेचना. परत जाऊन दाते मोजून आणलं, दीडशे रुपये. आता थेंब नाही. तुमचेही लिहा, विशेषतः काय चुकलं ते.

विनायक काका: सुमेधाताई, छान केलंत. मी तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होतो. पुढच्या वेळी नवं आणायच्या आधी जुन्याच्या बुडाशी असलेली काळी रबर रिंग बघा. चिनी मातीच्या चकत्या सहसा झिजत नाहीत, ती रिंग चपटी होते आणि तिथून पाणी निसटतं. नुसती रिंग मिळाली तर पाच-दहा रुपयांत काम होतं. चकत्यांवर चरा दिसला तर मात्र पूर्णच बदलायचं. तो चरा बहुतेक वेळा वाळूच्या कणाने पडतो, म्हणून नवं बसवायच्या आधी नळाच्या उघड्या तोंडावर फडकं धरून वॉल्व जरासा उघडायचा आणि दोन-तीन सेकंद पाणी जाऊ द्यायचं.

रोहन_एन: आमच्याकडे टेफ्लॉन टेप चार वेढे मारली आणि थांबलं, कार्ट्रिज बदलायची गरजच नाही.

विनायक काका: रोहन, तुमचं पाणी भिंतीपाशी आट्यातून झिरपत असेल, तिथे टेप बरोबरच आहे. तोटीतून थेंब पडत असेल तर टेपचा उपयोग नाही, ती गळती आतल्या बैठकीची.

रोहन_एन: हो, भिंतीपाशीच होतं. मला वाटलं सगळ्यांचं तेच.

कोल्हापूरची शैला: आमचा नळ जुना पितळी, दोन-तीन फेऱ्यांचा. त्यात वायसर असतो आणि तो मी दर वर्ष-दीड वर्षाने बदलते, सासूबाईंनी शिकवलेलं. त्या सांगायच्या, डोकं खोलायच्या आधी नळ थोडा उघडा ठेव, बंद ठेवून खोललंस तर वायसर दाबलेला असतो आणि पाना जड जातो. मागच्या वेळी नवीन वायसर घातला तरी दुसऱ्या दिवशी परत ठिबक. टॉर्च मारून बघितलं तर आतली पितळी कड एका बाजूला खाल्लेली, बोट फिरवलं की खाच लागते. जाड वायसर घालून आठ महिने काढले, शेवटी नळच बदलला. त्या दिवसांत घरचे सगळे नळ जोर लावून आवळायचे, त्यानेच वायसर लवकर कापला जातो असं मला वाटतं.

अमित_ठाणे: माझा फ्लशचा टँक सतत वाहतो, त्यातही हेच कार्ट्रिज असतं का?

सुमेधा: नाही, तिथला प्रकार वेगळा. वेगळा धागा काढा ना, मलाही वाचायचंय.

प्राची: मी कार्ट्रिज बदललं आणि नळ उलटा चालायला लागला, बंद करायच्या बाजूला फिरवला की उघडतो. दुकानदाराने सांगितलं उजवं आणि डावं वेगळं मिळतं, गरम-थंड जोडीच्या नळांना तर दोन्ही लागतात. बदलून आणलं. पण आता नळ बंद केल्यावरही मिनिटभर थेंब येतात आणि मग थांबतात, हे पण खराबच निघालं का?

विनायक काका: मिनिटभराने थांबत असेल तर तोटीत उरलेलं पाणी असावं, लांब वाकड्या तोटीत ते होतंच. तोटीखाली कोरडी वाटी ठेवून झोपा, सकाळी चमचाभर असेल तर सोडून द्या, अर्धी भरली असेल तर परत खोला.

शैला: काका, व्हिनेगरने जुनं कार्ट्रिज धुऊन परत वापरलं तर टिकतं का? माझ्या भावाचं तीन महिन्यांत परत गळलं.

सुमेधा: आमच्या शेजारच्यांचं दोन वर्षं चाललंय, त्यांच्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी आहे पण, बोअर नाही.

प्राची: वाटीत आज सकाळी दोन चमचे. उद्या परत बघते.