मदत हवी आहे: सबटायटल्स एका टीव्हीवर दोनदा, दुसऱ्यावर गायब

रातकिडा: सेट-टॉप बॉक्स एकच, टीव्ही दोन. नवा एचडीएमआयने जोडलाय, जुना पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने. दोन्ही टीव्हींच्या मेनूत सबटायटल्स चालू केले, तर जुन्यावर दिसतात आणि नव्यावर काहीच नाही. मग बॉक्सच्या मेनूतही चालू केले. आता नव्यावर नीट येतात, पण जुन्यावर एकच वाक्य एकाखाली एक दोनदा! आईला ऐकू कमी येतं, त्यामुळे सबटायटल्स बंद ठेवणं हा पर्याय नाही.

झटपट: एचडीएमआय केबल स्वस्तातली असणार. नवीन व्हर्जनची घ्या, सबटायटल्स त्यातूनच जातात.

तारवाला: केबल बदलून काही होणार नाही. एचडीएमआयमधून सबटायटल्सची वेगळी माहिती जातच नाही, जातं ते तयार चित्र. बॉक्सने अक्षरं चित्रावर काढली असतील तरच ती पोचतात. नव्या टीव्हीच्या मेनूतला पर्याय त्याच्या स्वतःच्या अँटेना-ट्यूनरसाठी आणि ॲप्ससाठी आहे. बॉक्सकडून आलेल्या चित्रात त्याला वाचायला काही सापडत नाही.
पिवळ्या वायरची गोष्ट वेगळी. ॲनलॉग चित्राला वरच्या बाजूला पडद्यावर न दिसणाऱ्या काही रेषा असतात आणि मजकूर त्यांत लपवून पाठवता येतो. अमेरिकी पद्धतीत तो २१व्या रेषेत असतो, युरोपात टेलिटेक्स्टच्या रेषांमध्ये. तुमचा बॉक्स तो मजकूर पुढे पाठवतोय, म्हणून जुना टीव्ही तो वाचून स्वतः अक्षरं काढतो. त्यात बॉक्सनेही चित्रावर काढली की झाली दोनदा.
तेव्हा बॉक्सवर चालू, दोन्ही टीव्हींवर बंद. अक्षरांचा आकारही मग बॉक्सच्याच मेनूतून वाढवा.

पाऊलवाट: आमच्याकडे पिवळी वायर नाही, सगळं एचडीएमआय, तरी परदेशी सिनेमांत दोनदा येतात. टीव्हीवर तर बंदच आहेत.

तारवाला: मग त्यातली एक ओळ वाहिनीनेच चित्रात छापून पाठवलेली असणार. ती कुठल्याच रिमोटने जात नाही. त्या सिनेमापुरते बॉक्सवरचे बंद करायचे, एवढंच हातात आहे. ओळखायला सोपं आहे: बॉक्सचा मेनू उघडा. टीव्हीने काढलेली अक्षरं मेनूच्याही वर तरंगतात, चित्रात छापलेली मेनूखाली झाकली जातात.

रातकिडा: जुन्यावर मेनू उघडून पाहिला. खरंच, खालची ओळ झाकली गेली, वरची मेनूवरच बसून राहिली. जुन्याच्या रिमोटवरून बंद केले, आता दोन्हीकडे एकदाच येतात. आईसाठी अक्षरंही मोठी केली, धन्यवाद!
पण बॉक्सवर रेकॉर्ड केलेल्या जुन्या भागांवर काहीच येत नाहीत. तेच भाग थेट लागले होते तेव्हा होते.

तारवाला: काही बॉक्स रेकॉर्ड करताना सबटायटल्सचा प्रवाह साठवतच नाहीत. तसं असेल तर त्या भागांचं काही होणार नाही. आज काहीतरी नवं रेकॉर्ड करून बघा, मग कळेल.

झटपट: माझ्याकडे तर रेकॉर्डिंगमध्ये येतात. केबल नवी आहे म्हणून असेल.