सल्ला हवा: ब्लडी मेरीचा जग पहिल्या ग्लासला बरा, दुसऱ्याला नुसता जाळ. मीठ, तिखट आणि अ‍ॅसिडिटी कशी सांभाळायची?

पार्लेकरीण
मागच्या रविवारी घरी सातजण जेवायला होते, म्हणून ब्लडी मेरी केली. १ लिटर पॅकबंद टोमॅटो ज्यूस, ३५० मिली व्होडका, ४ लिंबं, १ चमचा साधं मीठ, १ चमचा काळं मीठ, अंदाजाने वुस्टर सॉस आणि उभ्या चिरलेल्या ६ हिरव्या मिरच्या. सगळं सकाळी नऊला जगात कालवून फ्रिजमध्ये ठेवलं आणि एक वाजता वरून बर्फ ओतला. पहिला ग्लास खारट पण पिण्यासारखा होता. दुसऱ्याला घसा जळायला लागला, आणि शेवटी राहिलं ते तिखट पाणी. येत्या रविवारी परत तीच मंडळी आहेत. दोघं शाकाहारी आहेत. नेमकं काय चुकलं?

आंबटशौकीन
लिंबू कमी पडलं. तिखट झालं की लिंबू पिळायचं, मिसळीला करतो तसं. आणि पॅकचा ज्यूस घेऊच नका. दादरच्या मंडईत गावठी टोमॅटो मिळतात, ते आणा. लांबट, जाड सालीच्या टोमॅटोला ना रस ना आंबटपणा.

काका_गिरगाव
मलाही टोमॅटोने फार अ‍ॅसिडिटी होते. रिकाम्या पोटी अजिबात घेऊ नका, आधी दहीभात खा. मी तर सारही सोडलं.

पार्लेकरीण
काका, मी चवीतल्या आंबटपणाबद्दल विचारत होते, शीर्षक चुकीचं लिहिलं. पण आधी काहीतरी खायला ठेवीन, हे बरं सुचवलंत.

बारमागचा
ताई, लोअर परळला बारमागे चौदा वर्षं काढली, म्हणून सांगतो. तुमचं प्रमाण फारसं वाईट नाही, गडबड क्रमात आणि वेळेत आहे.

आधी मिरची. तिचा तिखटपणा पाण्यात नीट उतरत नाही, दारूत उतरतो. चिरलेल्या मिरच्या व्होडका असलेल्या जगात चार तास राहिल्या, म्हणजे तिखट सतत वाढत राहिलं. त्यातून जिभेवरचं तिखट घोटागणिक साचतं आणि दारू ती आग आणखी भडकवते. वरून बर्फ वितळला, त्याने मीठ, आंबट आणि टोमॅटो पातळ झाले. तिखट मात्र जिभेवर बसलंच होतं, म्हणून शेवटी तिखट पाणी.

आंबटशौकीन, टोमॅटोबद्दल तुमचं बरोबर आहे. लिंबाचं अर्धंच बरोबर आहे. मिसळीत लिंबाने तोंडाला पाणी सुटतं आणि बरं वाटतं, पण आंबटाने आग विझत नाही, काही वेळा जास्तच झोंबते. तिखट खाली आणायला चिमूटभर साखर उपयोगी पडते, नाहीतर बिनतिखट रस वाढवायचा.

ताई, डब्यावर सोडियम किती लिहिलंय ते बघून सांगा.

पार्लेकरीण
१०० मिलीला २५० मिलिग्रॅम.

बारमागचा
म्हणजे लिटरमध्ये अडीच ग्रॅम सोडियम. त्याला अडीचने गुणलं की मीठ येतं, सव्वासहा ग्रॅम. डबा उघडायच्या आधीच त्यात सपाट चमचाभर मीठ होतं. वरून तुमचे दोन चमचे आणि सॉसचं मीठ. पहिला ग्लास खारट लागणारच. या ज्यूसला सुरुवातीला मीठ शून्य. गावठी टोमॅटोचा रस स्वतः काढलात तर लिटरला सपाट एक चमचा घालून थांबा.

मग चव घ्यायची ती थंड करून आणि व्होडकासकट, कारण गार झालं की चव दबते. एका ग्लासात थोडं मिश्रण घ्या, बर्फावर ढवळा आणि घोट घ्या. टोमॅटोचा वास येतो पण चव पोकळ लागते, तर मीठ हवं. जिभेच्या मध्यावर गोडसर जडपणा बसून राहतो आणि लाळ सुटत नाही, तर लिंबू हवं. गिळल्याक्षणी सगळं संपतं, मागे काहीच रेंगाळत नाही, तर उमामी, म्हणजे रश्शाची ती खोल, भरीव चव, कमी आहे. बहुतेक लोक या तिन्हींवर मीठच घालतात, तिथेच ड्रिंक हातचं जातं.

लिंबू प्यायच्या वेळीच पिळा. सकाळी पिळलेल्याचा आंबटपणा राहतो, वास जातो.

खारदांडा
उमामी म्हणताय तर आमच्या घरचं सांगते. तिसऱ्या उकडल्या की खाली जे पाणी सुटतं ते आम्ही टाकत नाही. गाळून त्यात टोमॅटोचा रस, मिरी आणि लिंबू घालायचं. माझे बाबा त्यातच व्होडका घेतात. वाळू बसेपर्यंत पाणी दहा मिनिटं न हलवता ठेवायचं आणि वरचं तेवढं ओतून घ्यायचं, नाहीतर दाताखाली कचकच येते.

बारमागचा
खारदांडाताई, तुमच्या बाबांचं ड्रिंक कॅनडात घरोघर पितात! तिथे त्याला सीझर म्हणतात. वॉल्टर चेल नावाच्या बारवाल्याने १९६९ साली कॅलगरीत ते केलं, टोमॅटोच्या रसात शिंपल्यांचा रस घालून. टोमॅटोत उमामी मुळातच असते, मासळीत वेगळ्या जातीची असते. दोन्ही एकत्र आल्या की बेरीज नाही, गुणाकार होतो. मूळच्या वुस्टर सॉसमध्ये अँचोव्ही घालतात, त्याचंही कारण हेच. फक्त तिसऱ्यांचं पाणी खारट असतं. लिटर रसाला कपभर घेतलंत तर वेगळं मीठ चव घेईपर्यंत नको.

आंबटशौकीन
शाकाहारी पाहुण्यांना तिसऱ्या? आणि मासळीचा वास लिंबाने जात नाही, मला तर नकोच वाटेल.

खारदांडा
ताज्या तिसऱ्यांना वास येत नाही. शिळ्यांना येतो.

बारमागचा
शाकाहारींसाठी वेगळा छोटा जग करा. चार-पाच सुके शिताके मशरूम कपभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि ते पाणी गाळून घाला. सॉसच्या बाटलीवर हिरवा ठिपका आहे का तेही बघा.

मिरचीचं असं करा. ३५० मिलीपैकी निम्म्या व्होडकात दोन मिरच्या चिरून टाका. दर दहा मिनिटांनी त्यातले दोन थेंब चमचाभर रसात घालून चाखा. जमलं की मिरच्या लगेच काढा, अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ नका. उरलेली व्होडका साधी ठेवा. प्रत्येकाला ४५ मिली व्होडका, त्यात तिखट किती आणि साधी किती ते ज्याचं त्याने ठरवायचं, वर १०० मिली रस. बर्फ जगात नाही, ग्लासात, मोठे तुकडे. आणि शेकरमध्ये जोरात हलवू नका, रसाला फेस येऊन तो पातळ होतो. दोन ग्लासांत तीन-चार वेळा जवळून ओतून घ्यायचं, बस.

पार्लेकरीण
काल दोघांपुरतं करून पाहिलं. मीठ खरंच लागलं नाही. पहिला घोट गोडसर जड वाटला, अर्धं लिंबू पिळलं आणि एकदम उघडलं. मिरची वीस मिनिटांत काढली. दुसरा ग्लास पहिल्यासारखाच लागला. तिसऱ्यांचं पाणी मला फार आवडलं, नवऱ्याला काळ्या मिठाशिवाय चव अपुरी वाटते. मला त्याचा उकडलेल्या अंड्यासारखा वास टोमॅटोवर चढतो असं वाटतं.

बारमागचा
ग्लासाच्या अर्ध्याच कडेला लावा. ज्याला हवं तो त्या बाजूने पिईल.

आंबटशौकीन
काळं मीठ रसातच हवं. कडेला लावून काही होत नाही.