अनुभव धागा: नववीतून दहावीला निरोप देताना तुम्ही काय बोललात?

आडवाट
माझी भाची नववीत आहे. शनिवारी तिच्या शाळेत दहावीचा निरोप समारंभ आहे आणि वर्गातर्फे बोलायला हिला उभं केलंय. काल तिने लिहिलेलं वाचून दाखवलं. "आज आपणांस निरोप देताना अंतःकरण जड झाले आहे" अशी सुरुवात. म्हटलं, कोणाचं अंतःकरण गं? म्हणाली, "सगळे असंच लिहितात."
ज्यांनी नववीत असताना हे भाषण केलंय त्यांनी कसं केलं ते सांगा. दहावीच्या बाकांवर बसून ऐकलेल्यांनीही सांगा, त्यातलं आज काय आठवतं?

चिंचेचं झाड
मी केलंय, आणि अजून चिडवून घेतोय. वर्ष १९९६. भाषण वडिलांनी लिहून दिलं होतं. "आमचे हे ताई-दादा अतिशय मनमिळाऊ होते, अभ्यासू होते, सर्वांना मदत करत होते..." मी 'होते, होते' करत चाललोय, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे, आम्ही अजून आहोत!" मुख्याध्यापकही हसले. पुढचं मला आठवलंच नाही. 'जय हिंद' म्हणून खाली उतरलो.

देशपांडे वाडा
भाषण शब्दन् शब्द पाठ करूनच जावं. हातात कागद दिसला की ऐकणारे गेलेच समजा. मी आरशासमोर वीस वेळा म्हटलं होतं, एकदाही अडखळलो नाही.

सुटीचा अर्ज
आमच्या बँकेत साहेब निवृत्त झाले तेव्हा मलाच बोलायला लावलं होतं. मी त्यांच्या बदल्यांची गावं क्रमाने घेतली, प्रत्येक गावचा एक किस्सा. शाल-श्रीफळ देईपर्यंत साहेबांचे डोळे भरून आले. भाचीला सांगा, क्रम महत्त्वाचा.

आडवाट
छान झालं असणार, पण दहावीच्या मुलांची कुठे बदली झालेली नसते हो :)

फळा-खडू
सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवत होते. निवृत्त होईपर्यंत हा कार्यक्रम माझ्याकडेच असायचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'होते'ची चूक दरवर्षी कोणीतरी करायचंच. निबंधाच्या वहीतला 'माझे आवडते शिक्षक' डोक्यात असतो आणि आठवणी म्हटलं की मुलं सगळंच भूतकाळात घालतात. प्रसंग घडून गेला, तो भूतकाळात सांगायचा. माणूस समोर बसलाय, त्याचे गुण वर्तमानात. एवढं पाळलं तरी शोकसभेची कळा जाते.

दुसरी चूक आशीर्वादाची. "तुम्हाला आमचे आशीर्वाद" असं नववीचं पोर म्हणून जातं आणि शिक्षक एकमेकांकडे बघतात. धाकट्यांनी शुभेच्छा द्यायच्या. आणखी एक, नववी निरोप देते, दहावी निरोप घेते. "आम्ही आपला निरोप घेतो" असं म्हणून खाली उतरलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता भाषण कसं उभं राहतं त्याचं एक उदाहरण. एक मुलगी असंच 'अंतःकरण' लिहून घेऊन आली. मी वही मिटायला लावली आणि विचारलं, दहावीच्या कोणी तुला काय शिकवलं, एकच गोष्ट सांग. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "लेझीम." सव्वीस जानेवारीच्या फेरीसाठी सराव चालायचा. वाकून पुढे जाताना हिचा पाय हमखास चुकायचा. मागच्या रांगेतली दहावीची एक ताई दर वेळी हळूच "डावा, डावा" म्हणायची. फेरीच्या दिवशी ढोलाच्या आवाजात ते ऐकू येईना, पण ती म्हणत असणार असं धरून हिने पाय टाकला आणि बरोबर पडला.

मी म्हटलं, झालं तुझं भाषण. व्यासपीठावरचे मान्यवर एका वाक्यात उरक, आणि लगेच "डावा, डावा!" म्हण. तिने तसंच केलं. दहावीच्या मुली आधी चमकल्या, मग हसत सुटल्या. प्रसंग सांगून झाल्यावर तिने शेवट केला: "पुढच्या वर्षी मागच्या रांगेत आम्ही असू. पाचवीतल्या मुलींना सांगायचं ते आम्हाला आता पाठ झालंय." मनापासूनचे आभार नाहीत, यशाची शिखरं नाहीत. मिनिटाला शंभरेक शब्द धरा, अडीच मिनिटांत संपलं. त्या ताईचं नाव तिने घेतलं नाही, पण सगळ्या मुली वळून तिच्याकडेच बघत होत्या.

पाठांतराबद्दल: देशपांडे वाडा यांना जमलं, सगळ्यांना जमत नाही. शब्दन् शब्द पाठ केलेल्या मुलाचा एक शब्द निसटला की तो तिथेच थांबतो, पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतो. पोर छताकडे बघायला लागलं की ओळखावं. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ असावं. मधला प्रसंग आईला सांगतो तसा सांगायचा, तो कोणी विसरत नाही.

देशपांडे वाडा
मान्य, पण आमच्या वेळी कागदाशिवाय बोलणाऱ्यालाच बक्षीस मिळायचं.

फळा-खडू
बक्षीस वक्तृत्व स्पर्धेत मिळतं. निरोपाच्या दिवशी पेढा मिळतो, तोही सगळ्यांना सारखाच.

ठाणेकर मावशी
मी ऐकणाऱ्यांतली. नववीच्या मुलाने दहावीतल्या एकेकाचं नाव घेऊन एकेक ओळ म्हटली होती. खो-खोवाली, गाणारी, गणितवाला, उशिरा येणारा. टाळ्या, शिट्ट्या. अठ्ठेचाळीस जणांत माझं नाव नव्हतं. मी मध्येच शाळा बदलून आले होते, त्याला माहीतच नसणार. त्याची चूक म्हणवत नाही, पण समोसा हातात धरून मी हसत उभी होते हे चाळीस वर्षांनीही आठवतं. नावं घ्यायची तर सगळी, नाहीतर एकही नाही.

चिंचेचं झाड
मावशी, सगळी घ्यायची तर कार्यक्रम संध्याकाळपर्यंत चालेल. आणि नावांशिवाय भाषण कुठल्याही शाळेत खपेल की.

ठाणेकर मावशी
लेझीमवालीने नाव कुठे घेतलं?

चिंचेचं झाड
तिची ताई सगळ्यांना माहीत होती. आमच्या शाळेत तीन तुकड्या, निम्मी मुलं एकमेकांना ओळखत नव्हती. तिथे नाव घेतल्याशिवाय कळणार कसं?

शेंडेफळ
माझी अडचण वेगळीच. माझी सख्खी बहीण दहावीत होती. सर म्हणाले, सगळ्यांना 'तुम्ही' म्हण. घरी जिच्या वेण्या ओढायचो तिच्याकडे बघून "ताई, तुम्ही आम्हाला मार्गदर्शन केलंत" म्हटलं आणि तिला असा ठसका लागला की तिला बाहेर न्यावं लागलं. घरी तो 'तुम्ही' महिनाभर चालला.

पितळी घंटा
वेळेचं कोणीच बोललं नाही. आमच्याकडे आधी सरस्वतीपूजन, स्वागतगीत, मग पाहुणे चाळीस मिनिटं, मग तीन शिक्षक. माझा नंबर आला तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि मागे वेफर्सच्या पिशव्या फुटत होत्या. हॉल तिकिटंही त्याच दिवशी वाटायची होती, दहावीचं लक्ष ऑफिसच्या खिडकीकडे. मी पाच मिनिटांचं भाषण धरून बसलो आणि तेवढंच बोललो. कोणीही ऐकलं नाही. भाचीला सांगा, तेच भाषण एका मिनिटाचंही तयार ठेव, आणि कोणता भाग गाळायचा ते घरूनच ठरवून जा.

आडवाट
सगळं तिला वाचून दाखवलं. 'होते' खोडून झाले, सात निघाले. एकच गोष्ट सांग म्हटल्यावर म्हणाली, "मधल्या सुट्टीत नळावर दहावीचे दादा आम्हाला ढकलून पुढे जायचे, तेवढंच आठवतं." हे बोलायचं की नाही यावर आता घरात दोन तट आहेत. तिची आई नको म्हणते. मला वाटतं, तिथूनच सुरुवात करावी.

फळा-खडू
करू द्या. पण एखाद्या दिवशी कोणी पुढे जाऊ दिलं होतं का, तेही विचारा तिला.

आडवाट
विचारलं. "एकदा. त्याची बाटली भरून झाली होती म्हणून."