मदत हवी आहे: −1 चं वर्गमूळ, कोन आणि घनमूळ

x³ = 15x + 4 चं उत्तर 4 आहे, पण घनसमीकरणाच्या कार्दानोच्या सूत्रात 2±√−121 ची, म्हणजे i = √−1 धरून 2±11i ची घनमूळं येतात. बोंबेल्लीने 1572 मध्ये (2+i)³ = 2+11i हे वापरून मार्ग काढला; x² = −1 सोडवायला i आला, हा समज चुकीचाच.

भूमितीत i ने गुणणं म्हणजे 90° वळवणं. 2+11i ची लांबी √125, कोन सुमारे 79.7°. घनमूळाची लांबी √5, कोन त्याचा तिसरा हिस्सा, 26.57°: म्हणजे 2+i. त्यात आरशातलं 2−i मिळवलं की काल्पनिक भाग उडतो, 4 उरतो. घनमूळ 120° ने वळवलं (जोडीदार उलट दिशेने) तर −2±√3 मिळतात.

अडचण अशी: 4 आधी माहीत नसताना, कोनमापक न वापरता 2+i कसं शोधायचं? सरळ बीजगणिताने गेलं की पुन्हा घनसमीकरणच समोर येतं. कुणाला मार्ग माहीत आहे का?