कॉलर माइक घेऊनही घसा का बसतो?

«कॉलर माइक घेतला, तरी तीन तासांचे वर्ग झाले की आवाज बसतो. माइकचा काय उपयोग?»

सर, आधी माइकवर नखाने हलकेच खरवडून बघा. मुलांना खरखर मोठ्याने ऐकू आली नाही, तर आवाज अजून लॅपटॉपच्याच माइकमधून जातोय. झूममध्ये Mute शेजारच्या बाणावर माइक निवडता येतो. माझं पहिल्या आठवड्यात हेच झालं होतं.

माइक चालू असेल तर अंतर पाहा. लॅपटॉप तोंडापासून 60 सेंटीमीटरवर असतो, कॉलर माइक 15 वर. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो, म्हणजे इथे सुमारे 12. तेवढं ओरडणं वाचतं.

तरीही आपण ओरडतो, कारण कान. आमचं घर खानापूरकडे, कौलारू. जुलैच्या पावसात कौलांचा आवाज इतका, की स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही आणि नकळत सूर चढतो. दोन्ही कान झाकणाऱ्या हेडफोननेही असंच होतं. मी एक कान उघडा ठेवते, आणि पाऊस असेल तेव्हा आतल्या खोलीत, गाद्यांच्या चळतीजवळ बसते. दहावीच्या मुलांना सुरुवातीलाच विचारते, "नेहमीच्या आवाजात ऐकू येतंय ना?" हो म्हणाले की तोच सूर धरायचा. ऐकू कमी येत असेल तर माइकची पातळी वाढवायची, आवाज नाही.

मात्र घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना नक्की दाखवा.