'स्कर्व्ही'ला मराठीत काय म्हणावं: शीताद, पायरिया की स्कर्व्हीच?

जुळे सोलापूरकर
माझे चुलते पूर्व भागात एकटे राहतात. वय ७४, यंत्रमागावर आयुष्य गेलं. काकू गेल्यापासून त्यांचं जेवण म्हणजे चहात भिजवलेली कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कधीतरी पिठलं-भात. दोन-तीन महिने म्हणत होते, "हिरड्यांतनं रक्त यायलंय, पाय भरून यायलेत." आता केसपेपरवर 'स्कर्व्ही' लिहून आलंय. घरातल्यांना आळीपाळीने डबा द्यायचाय, म्हणून सगळ्यांना मराठीत कळवायचंय. कोणता शब्द वापरू?

निवृत्त मास्तर
शीताद. सुश्रुतसंहितेत आहे: हिरड्यांतून अचानक रक्त येतं, त्या काळपट, मऊ, दुर्गंधीयुक्त होतात आणि झडू लागतात. वर्णन तंतोतंत जुळतं.

बार्शीकर
एवढा जड शब्द कशाला? हिरडीतून रक्त म्हणजे पायरिया, लहान पोरालाही कळतं. दात साफ करून घ्यायचे, मिठाच्या गुळण्या करायच्या.

दातांचा डॉक्टर
पायरिया लिहू नका. तेवढ्या एका शब्दाने सगळे डब्याऐवजी दात साफ करण्याच्या मागे लागतील. अशा वयात तंबाखू-मिश्री असते, कीटण असतं, म्हणून पायरिया समजून माणूस परत पाठवला जातो. नुसत्या साफसफाईने रक्त थांबत नाही.

मी आधी पडलेल्या दाताची जागा बघतो. स्कर्व्हीत दातांभोवतीची, विशेषतः दोन दातांच्या मधली हिरडी फुगून जांभळी होते आणि बोट लावलं तरी रक्त येतं. दात नसलेल्या जागची हिरडी मात्र साधी गुलाबी असते. त्यामुळे पूर्ण बोळकं झालेल्या माणसाच्या तोंडात काहीच दिसत नाही, मग पाय बघावे लागतात. नडगीवर केसांच्या मुळाशी बारीक लाल ठिपके, पिळलेले केस आणि मार न लागता उठलेले काळेनिळे डाग. हे पायरियाने होत नाही.

शीतादाबद्दल मास्तरांशी अर्धाच सहमत. ते वर्णन हिरड्यांपुरतं आहे, पाय त्यात येत नाहीत.

अक्कलकोटची लेक
माझ्या वडिलांच्याही हिरड्या अशाच फुगल्यात. महिनाभर लिंबूपाणी देतोय, काही फरक नाही. हीच स्कर्व्ही का?

दातांचा डॉक्टर
ताई, बीपीची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी चालू आहे का? तिने काहींच्या हिरड्या वाढतात, पण ती वाढ घट्ट लागते आणि एवढं रक्त येत नाही. तोंड न बघता मी ठरवणार नाही. गोळी असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांना हिरड्या दाखवा.

जुळे सोलापूरकर
काकांच्या कागदावर जवळपास तुम्ही म्हणता तसंच आहे. 'खालचे पुढचे सहा दात हलतात, भोवतीच्या हिरड्या जांभळ्या, सुजलेल्या. डाव्या दाढा नाहीत, तिथली हिरडी ठीक. दोन्ही नडग्यांवर ठिपके, उजव्या मांडीवर मोठा डाग.' प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी नॉर्मल, हिमोग्लोबिन ९. उपचार: व्हिटॅमिन सी रोज १००० मि.ग्रॅ. ३ दिवस, मग ५०० मि.ग्रॅ. ७ दिवस, पुढे १०० मि.ग्रॅ. तीन महिने. पण रक्तात व्हिटॅमिन सी किती, हे तपासलंच नाही. मग निदान पक्कं कसं?

दातांचा डॉक्टर
ती तपासणी सगळीकडे होत नाही, आणि गोळ्या सुरू झाल्यावर आकडा लगेच वर जातो, मग तिचा उपयोग उरत नाही. रक्ताच्या बाकीच्या तपासण्या केल्या हे चांगलं झालं, कारण रक्ताच्या कॅन्सरमध्येही हिरड्या अशाच फुगतात. आता उपचारच साक्ष देईल. थकवा दोन-तीन दिवसांत हटतो, हिरड्यांचं रक्त साधारण आठवड्याभरात थांबायला लागतं, डाग जायला त्याहून वेळ लागतो. दोन आठवड्यांत काहीच हललं नाही तर निदान पुन्हा तपासायचं. कधी काय बदललं ते तारखेसह कागदावर असू द्या.

जुळे सोलापूरकर
चौथ्या दिवशीची नोंद आहे: 'स्वतः जिना उतरले.' आठव्या दिवशीची: 'चूळ भरताना रक्त नाही, सूज थोडी आहे.' दात अजून हलतात.

बार्शीकर
बरं, पायरिया मागे घेतो. पण आंबट खाल्लं की सूज वाढते ना?

जुळे सोलापूरकर
काकाही तेच म्हणायचे. तोंड झोंबायचं म्हणून आधी लिंबू सुटलं, मग दात हलायला लागल्यावर पेरूही.

दातांचा डॉक्टर
तिथेच फास आवळत जातो. जखमेला आंबट झोंबतं हे खरं, पण सूज त्याने वाढत नाही. सध्या गोळी चघळायला न देता गिळायला द्या. डब्यात पिकलेला मऊ पेरू कुस्करून, पपई, आणि वरणावर लिंबू ताट वाढल्यावर पिळा, उकळत्या वरणात नको. किडनी स्टोन झाला असेल तर मोठा डोस घेण्याआधी डॉक्टरांना सांगायचं.

निवृत्त मास्तर
पाय शीतादात बसत नाहीत हे मान्य. तरी हिरड्यांच्या लक्षणासाठी तो शब्द मला सोडवत नाही.

जुळे सोलापूरकर
घरच्यांना असं कळवलं: 'काकांना स्कर्व्ही झाली आहे. ताजी फळं-भाजी पोटात न गेल्याने हिरड्यांतून आणि कातडीखाली रक्त येतं. संसर्ग नाही. सोमवारचा डबा कोणाचा?'